बार वाढतो, रेषा चढते, आणि मधल्या फ्रेममध्ये खोटं बोललं जातं

ज्यांना लोकलमध्ये हेडफोन घरी विसरल्यामुळे हा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून इथे ते नीट मांडलेत. कोडचे दोन छोटे तुकडेही आहेत, जे मी ऐकवू शकत नव्हतो.

मी नवी मुंबईत राहतो, आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो. माझी एक मैत्रीण मराठीत बातम्या समजावून सांगणारे छोटे व्हिडिओ करते. तुम्ही फोनवर बघता तेच, उभी फ्रेम, मिनिटभराचा आवाज आणि मागे हलणारे ग्राफ. तिला एक व्हिडिओ करायचा होता, ‘महाराष्ट्र किती वाढला आणि किती शहरी झाला’. लिखाण तिचं, आवाज तिचा. ग्राफ हलवायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘तू इंजिनियर आहेस ना’ हे वाक्य आपल्याकडे पुरेसं असतं.

पहिला व्हिडिओ दिसायला झकास झाला होता, आणि तीन ठिकाणी चुकला होता. गंमत म्हणजे आकडे सगळे बरोबर होते. चूक हालचालीत होती. आज त्या तीन चुका आणि त्या दुरुस्त करताना मी पायरीपायरीने काय केलं, ते सांगतो.

आधी माप ठरवू

आकडे जनगणनेचे आहेत. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं, त्यामुळे राज्याची पहिली जनगणना १९६१ ची. तेव्हा लोकसंख्या होती ३.९६ कोटी. पुढे दर दहा वर्षांनी ५.०४, ६.२८, ७.८९, ९.६९, आणि २०११ मध्ये ११.२४ कोटी. म्हणजे पन्नास वर्षांत पावणेतीन पटीहून थोडी जास्त. हे झाले सहा बार.

फ्रेम उभी, १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० उंच. मी सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवली, की १ कोटी म्हणजे १०० पिक्सेल. मग १९६१ चा बार ३९६ पिक्सेल उंच आणि २०११ चा ११२४. हे माप इतकं सोपं मुद्दाम ठेवलं. नंतर व्हिडिओ थांबवून, स्क्रीनशॉट काढून, बार मोजून बघता येतो. ११२४ च्या जागी ११४० आले तर कुठेतरी गडबड आहे, हे लगेच कळतं.

बार ज्या आडव्या रेघेवर उभे राहतात ती रेघ मी वरून १५०० पिक्सेलवर ठेवली. खालचे ४२० पिक्सेल रिकामे सोडले, कारण फोनवर तिथे कॅप्शन, नाव आणि बटणं येतात. प्रत्येक बार ११० पिक्सेल रुंद, दोन बारमध्ये ४० चं अंतर. सहा बार आणि पाच फटी मिळून ८६० होतात, दोन्ही बाजूंना ११० उरतात. झालं गणित.

ही खालची रेघ शून्याची असते, आणि बारच्या बाबतीत त्यावर वाद नाही. बार आपण उंचीने वाचतो. खालचे ३ कोटी कापून बार ३ पासून सुरू केला, तर १९६१ चा बार ९६ पिक्सेलचा उरेल आणि २०११ चा ८२४ चा. बघणाऱ्याला वाटेल साडेआठ पट वाढ झाली! खरी वाढ तिच्या एक तृतीयांश आहे.

इथे नवशिक्याची एक हमखास होणारी चूक सांगून टाकतो. स्क्रीनवर उंची वरून खाली मोजतात. त्यामुळे बारची फक्त उंची वाढवली तर तो छतावरून लटकल्यासारखा खाली वाढत येतो. उंची वाढेल तितकीच त्याची वरची कड वर सरकवावी लागते. आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. तिथे आकाराचा अँकर पॉइंट मधोमध असतो, म्हणून बार वर आणि खाली दोन्हीकडे फुगतो. अँकर पॉइंट खालच्या कडेवर नेला की बार जमिनीतून उगवल्यासारखा वर येतो.

पहिली चूक: उसळणारा बार

आता हालचाल. बार शून्यापासून आपल्या उंचीपर्यंत एकाच वेगाने गेला तर तो लिफ्टसारखा दिसतो, निर्जीव. म्हणून वेगाला आकार देतात, त्याला ईझिंग म्हणतात. सुरुवातीला जोरात, शेवटी हळू. बस थांब्याजवळ आल्यावर ब्रेक लावते तसं.

मी पहिल्यांदा याहून ‘भारी’ प्रकार निवडला. बार आपल्या उंचीच्या थोडा वर जातो आणि मग खाली येऊन बसतो. उसळी असते त्यात. सगळ्या अ‍ॅपमध्ये बटणं अशीच उसळतात, डोळ्यांना सवय झालेली असते. बघताना मजा येते.

व्हिडिओ गेला, आणि संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यातलाच एक स्क्रीनशॉट आला. २०११ चा बार १२ कोटींची रेघ ओलांडून वर गेलेला. खाली एका काकांचा प्रश्न होता, ‘२०११ मध्येच १२ कोटी पार? मग शाळेत ११ कोटी शिकवलं ते काय?’ बिचाऱ्या काकांनी व्हिडिओ मध्येच थांबवला होता, एवढंच. फोनवर सगळेच तसं करतात.

मी बसून हिशोब केला. या उसळीचं जे नेहमीचं सूत्र आहे, ते बरोबर १० टक्के वर जातं. ११.२४ च्या १० टक्के वर म्हणजे १२.३६ कोटी. माझा बार २० फ्रेममध्ये वाढत होता. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ०.८ सेकंद. त्या २० पैकी १२ फ्रेममध्ये बार खऱ्या आकड्याच्या वर होता. म्हणजे हालचालीचा निम्म्याहून जास्त वेळ माझा ग्राफ अस्तित्वात नसलेली माणसं दाखवत होता.

बटण उसळलं तर काही बिघडत नाही, कारण बटणाची उंची म्हणजे कुठला आकडा नसतो. बारची उंची हाच आकडा असतो. आता माझा नियम असा आहे, की बार खालून आकड्याकडे जाईल, पण आकड्याच्या वर एक पिक्सेलही जाणार नाही. बार अर्धवट दिसला तर ‘अजून भरतोय’ हे बघणाऱ्याला समजतं. जास्त दिसला तर समजत नाही, कारण वरून खाली येणारा बार वाचायची कुणाला सवय नसते.

नवीन कोड एवढंच आहे:

```js
const easeOut = t => 1 - Math.pow(1 - t, 3);

function barHeight(frame, start, crore) {
  const t = Math.min(1, Math.max(0, (frame - start) / 20));
  return 100 * crore * easeOut(t);
}
```

यात बघायच्या दोन गोष्टी. पहिली, `t` शून्य आणि एकच्या बाहेर जाऊ शकत नाही, आणि त्या मर्यादेत `easeOut` कधीच एकच्या वर जात नाही, म्हणून उसळी शक्यच नाही. दुसरी, हिशोब घड्याळाच्या वेळेवर नाही, फ्रेमच्या नंबरवर आहे. घड्याळावर ठेवला तर लॅपटॉप दमला की फ्रेम गळतात, आणि प्रत्येक वेळी व्हिडिओ थोडा वेगळा निघतो. फ्रेमवर ठेवला की ४७ वी फ्रेम आजही तीच आणि उद्याही तीच.

या उसळीच्या शेजारीच तिची सख्खी बहीण लपलेली होती, बारच्या डोक्यावर धावणारा आकडा. ०, १, २ करत ११.२४ वर थांबणारा. तो मी एकसारख्या वेगाने धावता ठेवला होता, आणि बार मात्र ईझिंगने जात होता. वरच्या सूत्रात अर्धा वेळ झाला की बार ८७.५ टक्के भरलेला असतो. म्हणजे दहाव्या फ्रेमला बार ९.८३ कोटींच्या उंचीवर आणि त्याच्या डोक्यावर आकडा ५.६२! एकाच वस्तूची दोन वेगवेगळी उत्तरं.

दोघांना एकच सूत्र लावून हे सुटतं. पण मी शेवटी धावता आकडाच काढून टाकला. बार थांबला की आकडा येतो, पूर्ण, एकदाच. काकांनी व्हिडिओ कुठेही थांबवला तरी त्यांना एक तर बरोबर आकडा दिसेल, नाही तर आकडाच दिसणार नाही.

आकडा आणताना आणखी एक मराठी अडचण आली, ती इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडणार नाही. तिकडे शब्द अक्षराअक्षराने टाइप झाल्यासारखा आणायची फॅशन आहे. मी ‘कोटी’ तसा आणला, तर कोडने त्याचे चार तुकडे केले. क, एकटा काना-मात्रा, ट, एकटी वेलांटी. स्क्रीनवर मात्रेखाली ठिपक्यांचं गोल भूत दिसलं. आपल्या लिपीत काना-मात्रा हे वेगळं अक्षर नाही, पण संगणक त्यांना वेगळं साठवतो. उपाय सरळ आहे, अख्खा शब्द एकदम आणा. पाच फ्रेममध्ये हळूच उमटवा, पुरेसं होतं.

सहा बार कुठल्या लयीत आणायचे

पहिल्या आवृत्तीत सहाही बार एकामागोमाग धबधब्यासारखे आले होते, प्रत्येकी चार फ्रेमच्या अंतराने. सगळं दीड सेकंदात संपलं. सुंदर दिसलं आणि कुणालाच काही वाचता आलं नाही. डोळा एका वेळी एकच बार वाचतो.

मग मैत्रिणीने आवाज आधी रेकॉर्ड केला, आणि मी बार आवाजावर बसवले. ती ‘एकसष्ट साली चार कोटींच्या जरा खाली’ म्हणते तेव्हा फक्त पहिला बार येतो आणि ३० फ्रेम, म्हणजे साधारण सव्वा सेकंद, एकटा उभा राहतो. मधले चार बार आठ-आठ फ्रेमच्या अंतराने येतात, कारण त्यांच्याबद्दल ती वेगळं काही बोलत नाही. त्यांचे आकडेही फिकट. मग दहा फ्रेम शांतता, आणि शेवटी २०११ चा बार. तो थांबल्यावर दोन सेकंद काहीही हलत नाही.

सगळं मिळून साडेसात सेकंद. पहिल्या आवृत्तीच्या पाचपट वेळ, पण आता ऐकणाऱ्याला दोन आकडे लक्षात राहतात, कुठून निघालो आणि कुठे आलो. साडेसात सेकंदांत तेवढंच राहू शकतं.

दुसरी चूक: रेषेचा वेग

आता रेषा. हिचे आकडे वेगळे आहेत. महाराष्ट्रातले किती टक्के लोक शहरी भागात राहतात? १९६१ मध्ये २८.२२ टक्के, मग ३१.१७, ३५.०३, ३८.६९, ४२.४३, आणि २०११ मध्ये ४५.२२ टक्के.

रेषेला शून्यापासून सुरू करायची सक्ती नसते, कारण ती आपण उंचीने नाही, चढाने वाचतो. पण ती सूट घातकही असते. २५ ते ४६ टक्के एवढाच पट्टा फ्रेमभर पसरला, तर रेषा डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात रॉकेटसारखी जाते. मी ० ते ५० घेतलं, १ टक्का म्हणजे २० पिक्सेल. पन्नास निवडायचं कारण म्हणजे वरची रेघ आपोआप अर्थपूर्ण होते. ती ‘अर्धा महाराष्ट्र’ आहे. रेषा तिच्या दिशेने चढत जाते आणि २०११ ला तिच्या खालीच थांबते. ही गोष्ट बघणाऱ्याला न सांगता कळते.

रेषा काढत नेण्याची नेहमीची युक्ती तुम्हाला माहीत असेल. आफ्टर इफेक्ट्समध्ये ट्रिम पाथ्स लावून शेवट ० वरून १०० वर न्यायचा. वेबवर रेषेला तिच्या लांबीएवढी एकच मोठी तुटक रेघ द्यायची आणि ती सरकवायची. मी हेच केलं, आणि वर ईझिंग लावलं. सुरुवात हळू, मध्ये जोरात, शेवट हळू.

इथे माझं चुकलं. बारमध्ये आडवी दिशा म्हणजे नुसती रांग होती. रेषेत आडवी दिशा म्हणजे काळ असतो. रेषा पुढे सरकते तेव्हा बघणाऱ्याच्या डोक्यात वर्षं सरकतात. त्यामुळे रेषेचा वेग म्हणजे वर्षांचा वेग. माझी रेषा चार सेकंदांची होती. पहिल्या सेकंदात ती जेमतेम तीन वर्षं पुढे गेली, मधल्या दोन सेकंदांत जवळपास चव्वेचाळीस वर्षं, आणि शेवटच्या सेकंदात पुन्हा तीन. बघणाऱ्या एकीने मला विचारलं, ‘सत्तर-ऐंशीच्या दशकात एकदम असं काय झालं?’ काहीच झालं नव्हतं, मी गाडी पळवली होती.

म्हणून रेषेला एकसारखा वेग. इथे लिफ्टसारखं दिसलं तरी चालेल, काळ तसाच चालतो. मी दोन फ्रेमला एक वर्ष ठरवलं. पन्नास वर्षं, १०० फ्रेम, चार सेकंद.

```js
const yearAt = (frame, start) =>
  Math.max(1961, Math.min(2011, 1961 + (frame - start) / 2));

const clipWidth = year => (year - 1961) * 13;
```

दुसऱ्या ओळीत बघा, मी रेषा लांबीने काढतच नाही. पूर्ण रेषा आधीच काढून ठेवली आहे आणि तिच्यावरून एक पडदा डावीकडून उजवीकडे सरकतो, वर्षाला १३ पिक्सेल. हे का? ट्रिम पाथ्स आणि तुटक रेघेची युक्ती, दोन्ही रेषेच्या लांबीवर चालतात. जिथे चढ तीव्र तिथे तेवढ्याच वर्षांत लांबी जास्त, म्हणून तिथे जास्त वेळ लागतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या ग्राफमध्ये तो फरक दशकाला एखाद्या फ्रेमचा आहे, कारण आपला चढ सौम्य आहे. कुणाला दिसणार नाही. पण समजा एका दशकात रेषा सपाट आहे, १३० पिक्सेल आडवी, आणि पुढच्या दशकात ती ६०० पिक्सेल वर जाते. मग त्या दुसऱ्या दशकाची लांबी ६१४ होते, आणि तेवढ्याच दहा वर्षांना पावणेपाच पट वेळ लागतो. नेमकी जिथे वाढ झपाट्याने झाली, तिथेच रेषा रेंगाळते! हे तुमच्या ग्राफमध्ये होतंय का ते ओळखायचं कसं? खाली वर्षांच्या खुणा असतात, त्या रेषेचं टोक किती फ्रेमनी ओलांडतं ते मोजा. प्रत्येक दशकाला सारख्याच फ्रेम यायला हव्यात.

आणखी एक मोह असतो, रेषा गुळगुळीत वळणदार करायचा. मी तो टाळला. आपल्याकडे फक्त सहा वर्षांचे आकडे आहेत, मधल्या वर्षांचे या जनगणनेत नाहीत. सरळ रेघ म्हणते, ‘हे दोन ठिपके मी फक्त जोडलेत.’ वळण म्हणतं, ‘मध्ये काय झालं ते मला ठाऊक आहे.’ म्हणून सरळ तुकडे, आणि सहा वर्षांवर सहा ठसठशीत ठिपके. रेषेचं टोक ठिपक्यावर पोचलं की तिथला टक्का उमटतो, आणि ठिपक्यांच्या मध्ये कुठलाच आकडा नाही.

तिसरी चूक: रेषेच्या टोकाला बाण

आता सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या आवृत्तीत रेषा २०११ ला पोचली, की तिथून एक चमकणारा बाण वर उजवीकडे सुटत होता. टीव्हीवर असतो तसा. फ्रेम तिथेच संपत होती.

तो बाण काय सांगत होता? की रेषा पुढे तशीच गेली. आणि ते आपल्याला जनगणनेतून माहीतच नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही, ती पुढे ढकलली गेली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे. अंदाज भरपूर आहेत, पण अंदाज ही मोजणी नव्हे, आणि दोघांना एकाच रंगाची एकच रेषा देणं म्हणजे सरळ फसवणूक.

मग मी बाण काढला आणि उलटं केलं. खालची वर्षांची पट्टी २०२७ पर्यंत वाढवली. वर्षाला १३ पिक्सेल या मापाने रेषा ६५० पिक्सेल जाते आणि थांबते. पडदा मात्र थांबत नाही. वर्षं पुढे सरकत राहतात, २०१२, २०१५, २०२०, त्याच वेगाने, दोन फ्रेमला एक. वर काहीच उमटत नाही. २०८ पिक्सेलची रिकामी जागा. सव्वा सेकंदाच्या वर थोडं, एवढाच वेळ ती रिकामी जागा चालते, आणि मैत्रीण तिथे फक्त एवढंच म्हणते, ‘यानंतर मोजलेलं नाही.’

कोडमध्ये यासाठी रेषेचा पडदा २०११ ला अडकवून ठेवायचा आणि वर्षांच्या पट्टीचा २०२७ पर्यंत जाऊ द्यायचा. दोन वेगळे आकडे, बस. बारमध्ये ही युक्ती जमत नाही, कारण तिथे बार सारख्या अंतरावर असतात. उद्या २०२७ चा बार आला तर तो २०११ च्या शेजारी त्याच ४० पिक्सेलवर उभा राहील, आणि सोळा वर्षं दहा वर्षांसारखी दिसतील. तेव्हा तिथे जास्त जागा सोडावी लागेल.

आणि ती माणसं

बाणाबरोबर मी आणखी एक गोष्ट केली होती. रेषा चढताना खालून छोटी छोटी माणसं गाठोडं घेऊन चालत येत होती आणि उंच इमारतींमध्ये शिरत होती. गावाकडून शहराकडे.

मैत्रिणीची आजी घणसोली गावातली. गाव म्हणजे खरंच गाव, आता चारी बाजूंनी सेक्टर असलेलं. तिने नातीच्या फोनवर व्हिडिओ बघितला आणि विचारलं, ‘ही माणसं कुठं चालली?’ नात म्हणाली, ‘गावातून शहरात.’ आजी म्हणाली, ‘आम्ही कुठं गेलो गं? आम्ही तिथंच हाय. शहर आलं आमच्या दारात.’

मी गप्प झालो, कारण आजीचं म्हणणं आकड्यांच्या दृष्टीनेही बरोबर होतं. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि जुन्या गावांच्या जमिनीवर शहर उभं राहिलं. १९९२ मध्ये महानगरपालिका आली. महापालिकेच्या हद्दीतलं गाव जनगणनेत शहरी धरलं जातं. माणूस त्याच घरात, त्याच ओट्यावर, पण तो आता शहरी टक्क्यात मोजला जातो. शिवाय महापालिका नसतानाही एखादं गाव शहर धरलं जाऊ शकतं. लोकसंख्या किमान ५,०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, अशा जनगणनेच्या अटी आहेत.

म्हणजे ती रेषा तीन कारणांनी चढू शकते. लोक शहरात येतात म्हणून, शहरात जन्मांमुळे होणारी वाढ गावांपेक्षा जास्त असली म्हणून, आणि गावं शहरात मोजली जातात म्हणून. माझ्या चालणाऱ्या माणसांनी त्यातलं एकच कारण दाखवलं आणि बाकीची दोन गिळली. आकडा बरोबर होता, पण त्याला चिकटवलेली हालचाल आजीला तिच्या घरातून उठवत होती.

माणसं काढली. त्या जागी काहीच ठेवलं नाही, आणि मैत्रिणीने वाक्य बदललं. आधी होतं, ‘इतके लोक शहरात आले.’ आता आहे, ‘इतके लोक शहरी भागात मोजले गेले.’

बाहेर सोडण्यापूर्वीची तपासणी

आता प्रत्येक व्हिडिओ बाहेर सोडण्यापूर्वी मी तो फोनवर लावतो आणि डोळे मिटून दहा वेळा थांबवतो. थांबेल त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट. मग ते दहा स्क्रीनशॉट आवाजाशिवाय एकेक बघतो आणि विचारतो, सोसायटीच्या ग्रुपवर एवढाच गेला तर काका काय समजतील? बार आकड्याच्या वर आहे का? आकडा आणि उंची जुळते का? रेषा मोजलेल्या वर्षाच्या पुढे गेली आहे का? शेवटच्या फ्रेममध्ये मोजपट्टी लावून बघतो, ११२४ पिक्सेल आहेत ना?

दहातल्या एकाही स्क्रीनशॉटने खोटं सांगितलं तर मी परत कोड उघडतो. गेल्या खेपेला दोनदा उघडावं लागलं. दुसऱ्या वेळी ईझिंग बरोबर होतं, पण १९९१ च्या बारवर १९८१ चा आकडा बसला होता. तो दोष कुठल्याच सूत्रात नव्हता, माझ्या कॉपी-पेस्टमध्ये होता.

नवीन व्हिडिओ आजीला दाखवला. रिकामी जागा आली तेव्हा तिने विचारलं, ‘इथं फोन अडकला का?’ नात म्हणाली, ‘नाही आजी, मोजायला अजून कुणी आलं नाही.’ ‘येतील तेव्हा सांग,’ आजी म्हणाली, ‘आम्ही घरीच हाय.’

चला, भेटू पुढच्या भागात. तुम्ही कधी एखादा ग्राफ मध्येच थांबवून बघितलाय का? आज बघा, आणि काय सापडलं ते कळवा.